दऱ्याची वाडी आणि माझं टेबल

सरकारी कार्यालयात माणसाला कोणी हुद्दा विचारत नाही. विचारतात, "टेबल कुठलं?" आवक-जावकचं टेबल, दाखल्यांचं टेबल, जमिनीचं टेबल. टेबल म्हणजे काम, टेबल म्हणजे जबाबदारी, आणि ज्याच्याकडे टेबल आहे त्याच्यासमोर लोक उभे राहतात. मला नोकरी लागून अकरा महिने झाले होते आणि माझ्याकडे टेबल नव्हतं. खुर्ची होती. संगणकही होता, कारण तो मी भांडून मिळवला होता. पण काम म्हणाल तर शून्य.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या टापूतल्या एका कार्यालयाची ही गोष्ट आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. माझा स्वभावच तसा आहे, जिभेला हाड नाही असं आई म्हणते. पण ही माणसं माझी काळजी घ्यायची. मला दिसत नाही म्हणून चहा हातात आणून द्यायची, जिन्यावर हात धरायची आणि काम मागितलं की म्हणायची, "तुम्ही बसा हो बाई, कशाला त्रास." इतक्या प्रेमाने कुणी बसवून ठेवलं की उठायचं कसं ते कळत नाही.

माझी नजर एकदम गेली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून कडेकडेने काळोख येत गेला आणि पदवी हातात आली तेव्हा ती मला वाचता आली नाही. माझे पप्पा साजगावच्या एका कारखान्यात मशीनवर होते. आमच्या घरात शिक्षण ही देव्हाऱ्यातली गोष्ट नव्हती, देव्हाराच नव्हता. शिक्षण रोजच्या भाकरीसारखं होतं, ते करायचंच. पप्पांनी रडारड केली नाही. त्यांनी मुंबईत एका ठिकाणी अंधांना संगणक शिकवतात असं कळल्यावर तीन महिने मला तिथे नेलं-आणलं. तिथे मी स्क्रीन रीडर शिकले. स्क्रीन रीडर म्हणजे संगणकावर जे लिहिलेलं असेल ते कानात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. माउस लागत नाही, सगळं कीबोर्डवर चालतं. मी तो एवढ्या वेगात लावते की शेजारच्याला ती भाषा वाटतच नाही. कार्यालयात पहिला आठवडाभर सगळ्यांना वाटत होतं की बाई कामाच्या वेळेत गाणी ऐकते.

इंग्रजी वाचायला त्याला काही अडत नाही. अडतं ते आपल्या भाषेत. जुन्या फॉन्टमधलं परिपत्रक उघडलं की डोळ्यांना मराठी दिसतं आणि माझ्या कानात "कंस, डॉलर, कॅपिटल एस, टक्के" असं येतं, कारण आत खरी अक्षरं नसतातच, इंग्रजी चिन्हांना मराठी झगा घातलेला असतो. कागद स्कॅन करून पाठवला तर त्याहून वाईट, तो नुसता फोटो. त्यावर आवाज म्हणतो, "रिकामे पान." रावसाहेबांच्या, म्हणजे आमच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या सहीचे कितीतरी आदेश माझ्या लेखी रिकामी पानं होती.

आणि जे खरंखुरं युनिकोड मराठी असतं, तेही माझा त्या वेळचा आवाज स्वतःच्या मर्जीने वाचायचा. तो मुळात हिंदीच्या वळणाचा. 'कळवावे'चं 'कलवावे' करायचा, ते मी सोडून दिलं होतं. पण 'ऱ' हे अक्षर त्याला ठाऊकच नव्हतं. हिंदीला त्याचं काम पडत नाही ना. आपल्याला मात्र पावलोपावली पडतं. 'शेतकऱ्यांना' हा शब्द तो 'शेतक यांना' असा वाचायचा, मधला 'ऱ' गिळून टाकायचा. 'गावक यांनी', 'अधिका यांचे'. मी मनातल्या मनात तो गिळलेला 'ऱ' परत बसवत पुढे जायचे. सवयीने ते इतकं सोपं झालं होतं की आपण दुरुस्ती करतोय हेही लक्षात येत नव्हतं.

बोलून टाइप करणं हा आणखी एक तमाशा. फोनवर बोललं की तो लिहितो, हे खरं. पण तो घरगुती मराठी शिकलेला आहे, कार्यालयीन नाही. आमच्याकडे फाइलला नस्ती म्हणतात. मी एकदा हौसेने "सदर नस्ती आदेशार्थ सादर पूर्णविराम" असं बोलले. त्याने लिहिलं, "सादर नसती आदेशात सादर पूर्णविराम". पूर्णविराम अक्षरात लिहून ठेवला. तेव्हापासून निरोप वगैरे मी बोलून लिहिते आणि कामाचं सगळं हाताने. कीबोर्ड माझ्या बोटांत आहे. 'र' जिथे असतो, तीच कळ शिफ्टसोबत दाबली की 'ऱ' येतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

एवढं सगळं येत असून संध्याकाळी चौक गावी घरी आले की पप्पा विचारायचे, आज काय केलंस? त्यांचा हेतू साधा होता, कामावरून आलेल्या माणसाला ते विचारायचेच. मी आधी काहीबाही सांगायचे. मग सांगायला काही उरलं नाही. मग मी चिडायला लागले. मला फुकटच्या पगाराची लाज वाटत होती आणि ती मी त्यांच्यावर काढत होते. ते मात्र गप्प ऐकून घ्यायचे.

दाखल्यांचं टेबल भाऊसाहेबांकडे होतं. आमच्याकडे अनुभवी कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तब्येत नाजूक, आणि दोन टेबलांचा बोजा एकट्याच्या डोक्यावर. मी त्यांना अनेकदा म्हटलं, दाखल्यांचं टेबल मला द्या. ते म्हणायचे, "बाई, चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येणार?" मी म्हणायचे, माझ्या. ते हसायचे. फार तर एवढं करायचे की आलेल्या अर्जांची यादी मला वाचायला द्यायचे, म्हणजे मी अर्जदाराचं नाव आणि गाव मोठ्याने पुकारायचं. शाळेत हजेरी घेतात तसं.

असंच पुकारताना एकदा मी "दयाची वाडी" असं पुकारलं. मला ते नाव फार आवडलं होतं. दयेची वाडी, कुणीतरी कधीतरी दया दाखवली असेल, तिथे चार घरं वसली असतील, असं काहीबाही मनात रचलंही होतं. समोरून एक बाई मोकळी हसली.

"दया कुठली गं बाय. दरा हाय त्यो. दऱ्याची वाडी."

ती माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतली मावशी होती. रानातनं करवंदं, शेवळं, काटक्या आणून बाजारात विकायची आणि मिळेल त्या दिवशी मजुरीला जायची. सोबत मुलगी होती, नुकतीच बारावी झालेली. मी खजील झाले. नेहमीच्या शब्दांतला गिळलेला 'ऱ' मला परत बसवता येत होता, पण कधी न ऐकलेल्या गावाच्या नावात काय गिळलंय ते कसं कळणार? मी मावशीला सॉरी म्हटलं आणि हा आवाजाचा नेहमीचा दोष म्हणून सोडून दिलं.

त्या दिवशी त्यांचा अर्ज परत गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा मायलेकी आल्या त्या सोमवारी. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, जातीचा दाखला शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला. अर्ज परत यायचं कारण प्रत्येक वेळी एकच, वाडी यादीत नाही. अर्जातल्या वाडीचं नाव संगणकावरच्या मंजूर यादीत सापडलं तरच अर्ज पुढे सरकायचा. भाऊसाहेबांनी त्यांच्यासमोर नाव टाकून दाखवलं. नोंद आढळली नाही. मग बिचाऱ्यांनी चष्मा पुसून सगळी यादी डोळ्यांनी पाहिली आणि वाडी त्यात होती.

आता ते पुरते चक्रावले. मला त्यांच्या खुर्चीचा करकर आवाज येत होता. यादीत नाव दिसतंय, अर्जातही दिसतंय, एका अक्षराचा फरक नाही, मग हा घेत का नाही? त्यांनी मावशीला समजावलं की यंत्रातच बिघाड आहे, वर कळवावं लागेल, महिनाभर तरी जाईल. तेव्हा मुलगी बोलली.

"महिन्यानं दाखला घेऊन मी काय करू, भाऊसाहेब?"

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो मला जास्त लागला. मी उठले आणि भाऊसाहेबांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं की ती यादी आणि तो अर्ज दोन्ही माझ्या संगणकावर पाठवा, मला ऐकायचंय. ते वैतागले होते. म्हणाले, दिसतंय ते घेत नाही, तिथे ऐकून काय होणार. पण पाठवलं.

आधी अर्ज ऐकला. "दयाची वाडी." मग यादी उघडून तीच ओळ ऐकली. "दर्याची वाडी."

मी पुन्हा ऐकलं. मग वेग अगदी कमी करून ऐकलं. अर्जात दया, यादीत दर्या. आमच्या डोंगराच्या कुशीत समुद्राची वाडी! एकच नाव असेल तर माझा आवाज ते एकाच पद्धतीने चुकवेल ना? चुका करतो तो, पण इमानदारीने करतो, आज एक आणि उद्या दुसरी असं नाही. म्हणजे डोळ्यांना सारखी दिसणारी ती दोन नावं आतून वेगळी होती.

मी नुसतं 'दऱ्याची' एवढंच अर्जातून उचलून कोऱ्या नोटपॅडमध्ये टाकलं आणि शेवटापासून एकेक कळ दाबून पुसायला लागले. पुसताना आत जेवढी चिन्हं असतात तेवढ्या वेळा दाबावं लागतं. सात वेळा दाबलं, शब्द संपला. मग यादीतला शब्द टाकला आणि पुसला. आठ वेळा. मधे एकदा कळ दाबली आणि कानात काहीच आलं नाही. यादीतल्या शब्दात साधा 'र' होता, आणि त्याला 'ऱ'चं रूप यावं म्हणून हलन्तापुढे, म्हणजे पाय मोडायच्या चिन्हापुढे, एक अदृश्य जोडचिन्ह घातलेलं होतं. ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, फक्त बोटाला लागतं. यादी कधीकाळी जुन्या फॉन्टमधून बदलून आणलेली, तेव्हा हे जोडचिन्ह आलं असणार. मुलीने फोनवरून अर्ज भरताना खरा 'ऱ' टाकला होता, भाऊसाहेबही तोच टाकत होते. डोळ्यांना एक, संगणकाला दोन.

मी भाऊसाहेबांना बोलावलं. ते म्हणाले, दोन्ही सारखंच आहे हो. मी म्हटलं, बघू नका, मोजा. त्यांचं बोट कळीवर ठेवलं. पहिल्यांदा सात झाले. दुसऱ्यांदा आठ झाले. त्यांनी पुन्हा केलं, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्या बोटावर होता. पुन्हा आठच. तेवढ्यात मावशीने मुलीला विचारलं, "काय गावलं का गं?" आणि मुलगी म्हणाली, "गावलं वाटतं, आये."

यादी दुरुस्त करायचा अधिकार आमच्याकडे नव्हता. पण यादीतलं नाव जसंच्या तसं उचलून अर्जात चिकटवायला कोणाची हरकत नव्हती. मी ते चिकटवलं. अर्ज एका झटक्यात पुढे गेला. मग मी परत गेलेले सगळे जुने अर्ज मागून घेतले आणि दोन दिवस त्यांची गावं नुसती ऐकत बसले. त्या वाडीची आणखी नऊ घरं सापडली, आणि नावात 'ऱ' असलेल्या दुसऱ्या एका पाड्याची चार. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने तर वर्षभर हेलपाटे घालून येणं सोडून दिलं होतं. ते कळलं तेव्हा मला रडू आलं आणि रागही आला.

यादी दुरुस्तीची टिपणी मी स्वतः लिहिली. हाताने, एकेक अक्षर ऐकून. भाऊसाहेबांनी ती वाचून एक स्वल्पविराम फक्त बदलला आणि रावसाहेबांकडे नेली. मी सोबत होते. रावसाहेबांनी विचारलं, हे पकडलं कोणी? भाऊसाहेबांना श्रेय घेता आलं असतं. त्यांचं टेबल, त्यांची सही. त्यांनी सांगितलं, "बाईंनी. आम्ही सगळे बघत होतो, त्यांनी ऐकलं." त्या माणसाविषयी मनात जे काही साचलं होतं ते मी तिथेच टाकून दिलं.

दाखला गुरुवारी दुपारी निघाला. मुलगी तो घेऊन तशीच बस पकडायला पळाली. मावशी मागे राहिली, माझ्या हातात शेवळाची जुडी कोंबली आणि ती परत घेणार नाही असं बजावून गेली. घरी आल्यावर पप्पांनी विचारायच्या आधीच मी त्यांना सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. ते सात आणि आठ त्यांनी टेबलावर बोटाने वाजवून बघितले. त्या रात्री शेवळाची भाजी झाली, घशाला खाजली, खाज मारायला घालतात ती काकडं कमी पडली होती. तरी कोणी तक्रार केली नाही.

पुढच्या आठवड्यात कामवाटपाचा नवा आदेश निघाला. शिपाईदादांनी दारातूनच सांगितलं, बाई, पेढे द्या, दाखल्यांचं टेबल तुमच्याकडे आलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी आदेश संगणकावर उघडला. "रिकामे पान." स्कॅन करून पाठवला होता.

हसून सोडून दिलं असतं तर चाललं असतं, आनंदाचा दिवस होता. पण माझ्याच टेबलाचा आदेश मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार नव्हते. मी भाऊसाहेबांना म्हटलं, मूळ टाइप केलेली प्रत पाठवा. ते म्हणाले, आहे हो बरोबर, मीच टाइप केलाय. मी म्हटलं, तरी पाठवा. जरा घुटमळून त्यांनी पाठवली.

वाचत गेले. "खालील कर्मचा यांना" अशी सुरुवात, माझं नाव तिसऱ्या ओळीत, पुढे "दाखले टेबल". ती ओळ मी दोनदा ऐकली. आणि त्यापुढे कंसात एक ओळ होती. सदर कर्मचारी दृष्टिबाधित असल्याने त्यांचे कामकाज भाऊसाहेबांच्या देखरेखीखाली चालेल आणि प्रत्येक अर्ज तेच तपासतील.

टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनी ती ओळ वाचली असणार. मला कोणी सांगितली नव्हती. लपवायची म्हणूनही नसेल, माझं मन दुखू नये म्हणून असेल. मी कानातला हेडफोन काढला.

"भाऊसाहेब, ही ओळ काढा."

"ती तुमच्या भल्यासाठीच घातली, बाई. उद्या काही चुकलं तर तुमच्यावर नको यायला."

"माझ्यावरच यायला हवं. त्याशिवाय ते टेबल माझं कसं होईल?"

मला वाटलं, झालं, आता हेही जाणार. मग भाऊसाहेब माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. मी हेडफोनची पिन संगणकातून काढून आवाज मोकळा केला. त्यांनी त्या ओळीच्या शेवटी जाऊन एकेक कळ दाबायला सुरुवात केली आणि पुसलं जाणारं प्रत्येक अक्षर संगणक सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत गेला. ओळ लांब होती. वेळ लागला. एकदम निवडून पुसता आली असती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

नवी प्रत छापून ते पुन्हा सहीला घेऊन गेले. रावसाहेबांनी सही करायला किती वेळ घेतला ते मला माहीत नाही, मला फार वाटला. भाऊसाहेब परत आले, कागद माझ्या हातात दिला आणि सहीच्या ओल्या शाईपाशी माझं बोट नेलं. मग स्वतःच्या टेबलावरचे दाखल्यांचे गठ्ठे दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे ठेवायला लागले. बाकावर माणसं बसलेली होती, त्यांची चुळबुळ मला ऐकू येत होती.

मी हेडफोन कानात घातला आणि म्हटलं, "पुढचं कोण? या इकडे. दाखल्यांचं टेबल हेच."